कापूस आणि टामूस

यादी करणारी : स्मरणाचा प्रयोग करायचा म्हटलं की पहिल्यांदा अर्थ आडवा येतो. 'कापूस' हा शब्द लक्षात ठेवायला दिला, तर वाचक नुसती तीन अक्षरं लक्षात ठेवत नाही. त्यांच्याबरोबर बोंड येतं, वात येते, गादी येते. दुसऱ्या दिवशी शब्द आठवला, तर अक्षरांचा क्रम टिकला की बोंड टिकलं, हे कळायला मार्ग नसतो. हेर्मान एबिंगहाउसपुढे हाच प्रश्न होता. त्याने व्यंजन, स्वर, व्यंजन अशा बांधणीचे सुमारे २३०० निरर्थक तुकडे तयार केले, ते स्वतःच पाठ केले आणि १८८५ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. तुलनेसाठी त्याने बायरनच्या 'डॉन वान' या काव्यातली कडवीही पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराला जितके श्रम पडले, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात कडवी पाठ झाली. पण या दहापट फरकाचं श्रेय कोणाला द्यायचं? कवितेत अर्थ आहे, तसं वृत्त आहे, यमक आहे, व्याकरण आहे, ओळखीचे शब्द आहेत. निरर्थक तुकड्यांत यातलं काहीच नाही. एका वेळी एकच गोष्ट काढून घ्यायची असेल, तर प्रत्येक खऱ्या शब्दाला एक जोडीदार हवा. लांबी तेवढीच, अक्षरांची ठेवण तशीच, उच्चार तितकाच सहज, आणि अर्थ तेवढा नाही. असे जोडीदार पद्धतशीरपणे तयार करता येतात, असं माझं म्हणणं आहे.

शंका घेणारा : तुम्ही एबिंगहाउसपासून सुरुवात केलीत, तर त्याचीच कबुलीही लक्षात घ्या. आपले तुकडे एकसारखे असतील असं त्यालाही वाटलं होतं. पाठ करताना मात्र काही पटकन बसतात आणि काही अजिबात बसत नाहीत, हे त्याला दिसलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. पुढे १९२८ साली ग्लेझ या अमेरिकी संशोधकाने असे दोन हजारांहून अधिक तुकडे लोकांसमोर एकेक करून ठेवले आणि काही सुचतं का, एवढंच विचारलं. काही तुकड्यांवर जवळजवळ सगळ्यांना काही ना काही सुचलं, काहींवर कोणालाच नाही. म्हणजे निरर्थकपणा हा होय-नाहीचा मामला नसून कमी-जास्तीचा आहे. आता तुमचा बेत बघा. निरर्थक शब्द खऱ्या शब्दासारखा दिसावा, वाचावा, उच्चारावा म्हणून तुम्ही झटणार. पण तो जितका खऱ्यासारखा होईल, तितका खऱ्या शब्दांची आठवण करून देईल. अर्थ पुढच्या दाराने घालवायचा आणि ठेवणीच्या मागच्या दाराने आत घ्यायचा, असं हे होतं.

यादी करणारी : हा आक्षेप खरा आहे आणि मी तो बाजूला सारणार नाही. पण तो नीट तोलायचा, तर आधी जोडी जुळवायची म्हणजे काय जुळवायचं ते ठरवावं लागेल. लांबीच घ्या. रोमन लिपीत अक्षरं मोजली की काम बऱ्यापैकी भागतं. देवनागरीत भागत नाही. 'सरबत' आणि 'काका' हे दोन शब्द संगणकाला सारख्याच लांबीचे वाटतात. `len("सरबत")` विचारलं तरी ४ आणि `len("काका")` विचारलं तरी ४, कारण तो कान्यालाही एक चिन्ह धरतो. डोळ्याला मात्र एकात चार अक्षरं दिसतात आणि दुसऱ्यात दोन. तोंडाने म्हणून पाहिलं तर पुन्हा वेगळंच. 'सर-बत' असे दोन उच्चारतुकडे आणि 'का-का' असेही दोनच, कारण 'सरबत'मधल्या दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरातला अकार आपण म्हणतच नाही. 'क्षत्रिय' तर संगणकाच्या लेखी आठ चिन्हांचा आहे, कारण पायमोडका हलन्तही तो वेगळा मोजतो. कागदावर ती तीन अक्षरं आहेत. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी चालवून कोणी 'चार लांबीचे' मराठी शब्द आणि त्यांचे निरर्थक जोडीदार काढले, तर एका यादीत 'काका'सारखे आटोपशीर शब्द गोळा होतील, दुसरीत 'सरबत'सारखे लांबट, आणि आकडे मात्र लांबी जुळली असं सांगत राहतील.

शंका घेणारा : मग तुम्ही यातली कोणती लांबी धरणार?

यादी करणारी : शब्द वाचून लक्षात ठेवायचे असतील तर छापील अक्षरं आणि उच्चारतुकडे, दोन्ही. ऐकून ठेवायचे असतील तर फक्त उच्चारतुकडे. संगणकाची मोजणी यादीत राहील, पण निव्वळ सोयीसाठी. याहून कठीण आहे ती ठेवण. अक्षरांचा कोणता क्रम मराठी वाटतो, हे यंत्राला शिकवायचं असतं. सरळ वाट अशी की खऱ्या शब्दांची मोठी यादी घ्यावी, कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजावं आणि त्या प्रमाणात साखळी जोडत जावं. मराठीत ही वाट पहिल्याच वळणावर अडते. चौतीस-पस्तीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तर जोडाक्षरं वगळूनही चारशेच्या वर अक्षरं होतात. त्यांच्या जोड्या लाखाच्या वर जातात. तीन अक्षरी दहा हजार शब्दांची यादी असली तरी तिच्यातून जोड्या मिळणार वीस हजार, त्याही पुष्कळदा त्याच त्या. तक्ता जवळजवळ रिकामाच राहतो. अशा तक्त्यावरून साखळी जोडली की एक तर खरे शब्दच पुन्हा बाहेर पडतात किंवा यंत्र मधेच थांबतं. म्हणून अक्षर फोडावं लागतं. सुरुवातीचं व्यंजन, स्वर, शेवटचं व्यंजन असे तुकडे करायचे आणि तुकड्यामागून तुकडा मोजायचा. केउलेर्स आणि ब्रिसबार्ट या बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१० साली 'वगी' ही आज्ञावली प्रसिद्ध केली, तिची पद्धत हीच आहे. ती खरा शब्द घेते, त्याचे असे तुकडे पाडते, त्यांतले थोडे बदलते, आणि नव्या तुकड्यांची एकमेकांमागून येण्याची वारंवारता मूळ शब्दाच्या जवळ ठेवते. ही पद्धत मराठीला लावायची तर पाडायचे तुकडे तेवढे आपले असावे लागतील.

शंका घेणारा : आपल्या तुकड्यांबरोबर आपले शुद्धलेखनाचे नियमही येतात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकारही दीर्घ असतो, तत्सम शब्द सोडून. म्हणून आपण 'कापूस' लिहितो, 'कापुस' नाही. शब्दाची सुरुवात 'ळ'ने होत नाही. 'च' आणि 'ज' यांचे उच्चार तर दोन दोन आहेत. 'चमचा'तला च आणि 'चव्हाटा'तला च एका बाजूला, 'चेहरा'तला च दुसऱ्या बाजूला, आणि कोणता कुठे हे पुष्कळदा शब्द माहीत असला तरच कळतं. निरर्थक शब्द 'च'ने सुरू केलात तर दहा वाचक दोन तऱ्हांनी वाचतील. त्यांना तुम्ही एकच शब्द दिलेला नसेल, दोन दिलेले असतील.

यादी करणारी : मान्य. ऱ्हस्व-दीर्घ आणि 'ळ' यांचे नियम मी यंत्रात घालीन, आणि जिथे 'च', 'ज'चा उच्चार दोन तऱ्हांनी होऊ शकतो तिथे ती अक्षरं वापरणारच नाही. मात्र ज्या खऱ्या शब्दांत ही अक्षरं आहेत, तेही मग यादीतून जातील, नाहीतर दोन याद्यांत तेवढाच एक फरक उरेल. आता एक जोडी प्रत्यक्ष करून पाहू. शब्द 'कापूस'. क, आ, प, ऊ, स असे पाच ध्वनी, 'का-पूस' असे दोन उच्चारतुकडे, तीन छापील अक्षरं. स्वर तसेच ठेवायचे म्हणजे काना आणि दीर्घ उकार जागेवर राहतात आणि शब्दाची छापील आकृतीही टिकते. बदलायची ती व्यंजनं. एकच बदललं तर मिळतो 'लापूस'. लांबी, ठेवण, वारंवारता सगळं जुळतं, पण वाचक तो 'हापूस' किंवा 'कापूस' यांची छपाईची चूक म्हणून वाचतो. कारण त्याच्या एका बदलावर दोन दांडगे शेजारी बसलेले आहेत. एका बदलावरचे असे शेजारी मोजण्याची रीत कोल्टहार्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७मध्ये रूढ केली. तिच्या हिशेबाने 'लापूस' बाद. दोन व्यंजनं बदलून 'खारूस' केला. आता एका बदलावर ठळक असं कोणी नाही. आकड्यांनी तो पास होतो.

शंका घेणारा : आकड्यांनी होतो, वाचकापुढे होत नाही. 'खारूस' वाचताच 'खडूस' आठवतो. आणि तो सुटला तर 'खार' आहे, 'खारट' आहे. तुमच्या मोजणीत 'खारूस' आणि 'खडूस' यांच्यात एका स्वराचं आणि एका व्यंजनाचं अंतर आहे, म्हणून ते लांबचे. वाचकाच्या मनात पहिलं आणि शेवटचं व्यंजन जुळलं, मधला दीर्घ उकार जुळला, की ते जवळचे.

यादी करणारी : म्हणून तोही बाद करते. तिसरा प्रयत्न 'टामूस'. 'माणूस'पासून दोन व्यंजनं दूर, 'कापूस'पासूनही दोन. 'टाम' म्हणून काही आठवावं असं नाही. हा मला चालण्यासारखा वाटतो.

शंका घेणारा : मला नाही वाटत. त्याचा शेवट पाहा. 'तांबूस' म्हणजे थोडासा तांबडा. 'आंबूस' म्हणजे थोडासा आंबट. मराठी वाचकाला 'ऊस' हा शेवट दिसला की 'थोडंसं तसं' ही अर्थछटा विनासायास लागू होते. 'टाम' काय ते त्याला माहीत नाही, पण 'टामूस' म्हणजे थोडंसं टाम, हे त्याच्या मनाने आधीच ठरवून टाकलं. आणि 'तांबूस'शी ध्वनीचं साम्य आहेच. मराठीत ही अडचण जागोजागी आहे. शेवटी 'णे' आलं की क्रियापद वाटतं. 'पणा' आला की गुण. 'कर' आलं की आडनाव, मग पुढचं काहीही असो. 'वाडी' किंवा 'पूर' आलं की गाव. वाचक त्या गावाला गेलेला नसतो इतकंच. आपले प्रत्यय इतके कामसू आहेत की ते निरर्थक धातूलाही कामाला लावतात. तुमचं यंत्र मात्र हेच शेवट सर्वांत आधी उचलणार, कारण खऱ्या शब्दांत तेच सर्वांत जास्त वेळा येतात. वारंवारता जुळवण्याच्या नादात प्रत्यय गोळा होतात आणि प्रत्ययाबरोबर अर्थ येतो. माझा मूळ आक्षेप हाच होता, आता तुमच्याच उदाहरणात तो उभा आहे.

यादी करणारी : इथे एक फरक करू द्या. 'कापूस'च्या शेवटी 'ऊस' आहे, पण तो प्रत्यय नाही. कापूस म्हणजे थोडासा काप नव्हे. तरीही 'ऊस' या शेवटामुळे जी छटा 'टामूस'ला चिकटते, तिचा थोडा अंश 'कापूस' वाचतानाही जागा होत असेल. मग ती दोन्हीकडे आहे, आणि जोडीचा उद्देशच हा की दोन्हीकडे असलेली गोष्ट वजाबाकीत निघून जावी. मला शून्य अर्थाचा शब्द नको आहे. ठेवणीमुळे जितका अर्थ आपोआप येतो तितकाच असलेला, त्याहून जास्त नसलेला शब्द हवा आहे. तुम्ही मागच्या दाराने येणारा अर्थ म्हणता, तो दोन्ही घरांत सारखाच येत असेल तर प्रयोगाला त्याचा त्रास नाही.

शंका घेणारा : सारखाच येतो, हे तुम्ही गृहीत धरताय. 'कापूस' वाचताना वाचकाला खरा अर्थ तत्काळ मिळतो, म्हणून तो प्रत्ययाची फोड करायला थांबत नाही. 'टामूस' वाचताना हाताला काहीच लागत नाही, म्हणून तो जे मिळेल ते धरतो आणि 'ऊस' पकडतो. तीच ठेवण खऱ्या शब्दात झोपलेली असते आणि खोट्यात जागी असते. मग वजाबाकी कशी होणार? दुसरी गोष्ट, कोणाला काय निरर्थक आहे हे गावागणिक बदलतं. तुमच्या यंत्राने 'चेडू' काढला, तर नागपूरचा वाचक तो निर्धास्त यादीत ठेवील. सिंधुदुर्गातल्या वाचकाला तो मुलगी या अर्थाचा रोजचा शब्द आहे. शब्दकोशाशी ताडून तुम्ही प्रमाण मराठीतले शब्द गाळाल. मालवणी, अहिराणी, कोकणी, हिंदी, उर्दू, कन्नड यांच्याशीही ताडणार आहात का? आणि ज्यांच्या घरी यांतली एखादी बोली किंवा भाषा बोलतात ते वाचक प्रयोगात किती आहेत, हे विचारणार आहात का?

यादी करणारी : विचारावंच लागेल, आणि त्यावर उपायही आहे. यंत्राने मला हव्या त्यापेक्षा चौपट-पाचपट शब्द काढायचे. चाळीस लागणार असतील तर दोनशे. ते दोनशे शब्द निरनिराळ्या भागांतल्या वीस-पंचवीस वाचकांपुढे ठेवायचे. प्रत्यक्ष प्रयोगात त्यांना घ्यायचं नाही. प्रत्येक शब्द वाचून काय सुचलं ते लगेच लिहायला सांगायचं, आणि हा मराठी शब्द असू शकेल असं किती वाटतं, याला एक ते सातपैकी गुण द्यायला सांगायचं. ज्या शब्दावर अनेकांना एकच गोष्ट सुचली तो गाळायचा. 'चेडू' असा पकडला जाईल, 'खारूस'ही पकडला जाईल. 'टामूस'वर निम्म्या लोकांनी 'तांबूस' लिहिलं तर तोही जाईल, आणि मी हट्ट धरणार नाही. ग्लेझने १९२८ मध्ये जे केलं तेच हे, फक्त यादी आधी यंत्राने चाळलेली.

शंका घेणारा : मग खरं मोजमाप माणसांनी केलं. यंत्राने फक्त कच्चा माल पुरवला. आणि माणसांचे गुण घेऊन तुम्ही आणखी एक निवड करताय. शब्दासारखा वाटणारा निरर्थक शब्द ठेवायचा की न वाटणारा गाळायचा, यावर प्रयोग काय मोजणार हेच ठरतं. सुझन गॅदरकोल यांनी १९९५ साली मुलांच्या बाबतीत हे दाखवलं. निरर्थक शब्द ऐकून लगेच परत म्हणायचे, अशी ती चाचणी. शब्दासारखे वाटणारे निरर्थक शब्द मुलांना सोपे जातात, आणि त्यांत यश मिळण्याचा संबंध मुलांना आधीच येणाऱ्या भाषेशी जास्त असतो. शब्दासारखे न वाटणारे अवघड जातात, आणि त्यांचा संबंध तात्पुरत्या ध्वनिस्मृतीशी जास्त असतो. चाचणीचं नाव एकच, पण यादी बदलली की मोजली जाणारी गोष्ट बदलते. तुम्ही ठेवण जुळवून शब्दासारखे शब्द निवडलेत, तर तुम्ही स्मरणापेक्षा भाषाज्ञान मोजायला लागाल. ठेवण सोडलीत, तर जोडी मोडते.

यादी करणारी : म्हणूनच निरर्थक शब्दांची एक यादी न करता दोन कराव्यात, असं मला आता वाटतं. दोन्हींची लांबी, उच्चारतुकडे आणि छापील आकृती खऱ्या शब्दांइतकीच. पण एकीत ध्वनी नेहमीच्या क्रमाने, दुसरीत दुर्मीळ क्रमाने, उच्चारता येतील इतपत. खरे शब्द, जवळचे निरर्थक, लांबचे निरर्थक अशा तीन पायऱ्या होतात. खऱ्या आणि जवळच्या यांतला फरक अर्थाचा आणि ओळखीचा. जवळच्या आणि लांबच्या यांतला फरक ठेवणीचा. एकाच वजाबाकीवर सगळा भार टाकण्याची गरज उरत नाही.

शंका घेणारा : या तीन पायऱ्यांवर एक प्रयोग झालेला आहे, आणि त्याचा निकाल तुमच्या कल्पनेला धक्का देणारा आहे. व्हिटलसी आणि विल्यम्स यांनी १९९८ साली नेमके असेच तीन गट घेतले. इंग्रजीतले खरे शब्द, 'हेन्शन' किंवा 'फ्रॅम्बल' यांसारखे सहज वाचता येणारे निरर्थक शब्द, आणि 'स्टॉफवुस'सारखे अडखळत वाचावे लागणारे. आधी एक यादी वाचायला दिली. नंतर जुने आणि नवे मिसळून विचारलं, हा शब्द मघाशी पाहिला होता का? एखाद्याला वाटेल की लोक पायरीपायरीने चुकतील. झालं वेगळंच. न पाहिलेला शब्द 'पाहिला होता' असं सांगण्याची चूक मधल्या गटावर सर्वांत जास्त झाली. खऱ्या शब्दांपेक्षाही जास्त. त्यांचं स्पष्टीकरण असं की 'हेन्शन' इतका सहज वाचला जातो आणि तरी अर्थ काहीच मिळत नाही. या अनपेक्षित सहजपणाचं कारण मन शोधतं आणि 'मघाशी पाहिला असणार' असं ठरवून मोकळं होतं. स्पष्टीकरण बाजूला ठेवा. ज्या गुणासाठी तुम्ही एवढी मेहनत घेताय, शब्दासारखा दिसणारा पण शब्द नसलेला शब्द, तोच गुण स्मरणात स्वतःचा एक परिणाम घडवतो. तुमचा जोडीदार म्हणजे अर्थ काढून घेतलेला शब्द नव्हे, ती वेगळ्या जातीची वस्तू आहे.

यादी करणारी : तो प्रयोग मी टाळणार नव्हते, पण त्याचं दुसरं स्पष्टीकरणही तितकंच महत्त्वाचं आहे. क्लिअरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असं मांडलं की नेहमीच्या ठेवणीचे निरर्थक शब्द एकमेकांसारखेच असतात. सगळे त्याच त्या लोकप्रिय तुकड्यांपासून बनलेले. त्यामुळे चाचणीतला नवा शब्द आधी वाचलेल्या अनेक शब्दांशी थोडा थोडा जुळतो आणि ओळखीचा वाटतो. हे बरोबर असेल, तर दोष निरर्थकपणात नाही, यादीच्या आतल्या सारखेपणात आहे. इथे मला माझ्याच पद्धतीतली खरी उणीव दिसते. मी प्रत्येक निरर्थक शब्द त्याच्या खऱ्या जोडीदाराशी जुळवत होते. निरर्थक शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत, हे पाहतच नव्हते. यंत्राला नेहमीचे तुकडे आवडतात. त्याने 'टामूस' काढला की पाठोपाठ 'टापूस', 'रामूस', 'टामूक' काढतो. खऱ्या शब्दांत असा गोतावळा कमी असतो, कारण मी ते विषय बदलत, निरनिराळ्या जागांवरून उचललेले असतात. तेव्हा आणखी एक अट हवी. निरर्थक यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांतलं सरासरी अंतर खऱ्या यादीतल्या दोन शब्दांतल्या सरासरी अंतराइतकं असावं. आणि हेच अंतर जुन्या व नव्या शब्दांमध्येही मोजावं.

शंका घेणारा : ही अट योग्य आहे. ती पाळली गेली की नाही, हे पाहायचीही एक चोख तपासणी आहे. केउलेर्स आणि ब्रिसबार्ट यांनी २०११ मध्ये एक साधा मार्ग दिला. यंत्राला भाषेचं कसलंही ज्ञान द्यायचं नाही. शब्द एकेक करून दाखवायचे, आणि आलेला शब्द आधी आलेल्या खऱ्या शब्दांना जास्त जवळ आहे की निरर्थकांना, एवढ्यावर त्याने खरा की खोटा सांगायचं. भाषा न येणारं यंत्र जर निम्म्याहून बरंच जास्त वेळा बरोबर येऊ लागलं, तर तुमच्या याद्यांत अर्थाशिवायही काहीतरी फरक आहे, आणि तो वाचकालाही नकळत सापडणार. पण समजा तुमची यादी या तपासणीतूनही पार झाली. तरी एक गोष्ट कोणत्याच जुळवणीने होणार नाही. चांगल्या प्रयोगात आपण वस्तूंची अदलाबदल करतो. निम्म्या वाचकांना हा शब्द जुना म्हणून दाखवायचा, निम्म्यांना नवा म्हणून, म्हणजे त्या शब्दाचे स्वतःचे गुणदोष दोन्हीकडे सारखे वाटले जातात. खरा आणि निरर्थक यांच्यात ही अदलाबदल करता येत नाही. 'कापूस' हा कोणाही मराठी वाचकाला निरर्थक म्हणून दाखवता येणार नाही. म्हणून तुमचा फरक शेवटपर्यंत या चाळीस शब्दांचा आणि त्या चाळीस शब्दांचा फरक राहतो. एकच शब्द दोन्ही भूमिकांत कधीच येत नाही.

यादी करणारी : येऊ शकतो, उलट्या बाजूने. 'कापूस' निरर्थक करता येत नाही, पण 'टामूस' सार्थ करता येतो. निम्म्या वाचकांना आठवडाभर आधी शिकवायचं की टामूस म्हणजे अमुक एक अवजार. चित्र दाखवायचं, वाक्यं वाचायला द्यायची. दुसऱ्या निम्म्यांना तोच शब्द तितक्याच वेळा दाखवायचा, पण अर्थाशिवाय. मग स्मरणाच्या चाचणीत तीच अक्षरं, तीच ठेवण, तेच शेजारी, तितकीच ओळख, आणि फरक फक्त शिकवलेल्या अर्थाचा. दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत दोन्ही गट उलटवायचे. मग प्रत्येक शब्द दोन्ही भूमिकांत येतो. यात जुळवणीचं यंत्र वाया जात नाही, उलट त्याचं काम इथे जास्त स्वच्छ होतं. ते आता खऱ्या शब्दाचा तोतया बनवत नाही, अर्थ घेण्याजोगी कोरी पाटी बनवतं.

शंका घेणारा : कोरी नव्हे. गॅस्केल आणि ड्युमे यांनी २००३ साली लोकांना 'कथीड्रल'च्या धर्तीवर बनवलेला 'कथीड्रूक' असा निरर्थक शब्द शिकवला. तो नुसता ध्वनी म्हणून, अर्थाशिवाय, पुन्हा पुन्हा ऐकवला. काही दिवसांनी तपासलं तर खरा 'कथीड्रल' ओळखायला लोकांना जास्त वेळ लागत होता. शिकवलेला निरर्थक शब्द शब्दसंग्रहात शिरून शेजाऱ्याशी स्पर्धा करायला लागला होता. तुमच्या दुसऱ्या गटाचंही तेच होणार. ज्यांना तुम्ही 'टामूस' अर्थाशिवाय, आठवडाभर, तितक्याच वेळा दाखवाल, त्यांच्या मनात तो अर्थ नसलेला पण शब्दच होऊन बसेल, एखाद्या अनोळखी माणसाच्या आडनावासारखा. तुम्ही अर्थ आणि निरर्थ यांची तुलना करायला निघालात, आणि हाती आली अर्थ माहीत असलेल्या शब्दाची आणि अर्थ माहीत नसलेल्या शब्दाची तुलना. या दोन गोष्टी एक नाहीत.

यादी करणारी : नाहीत, आणि कदाचित आपण दोघंही आतापर्यंत पहिल्याच गोष्टीचा प्रश्न विचारत होतो. निरर्थक शब्द ही वस्तू वाचकाने प्रथम पाहिल्याच्या क्षणापुरतीच असते, असं तुमच्या या उदाहरणावरून निघतं. मग साध्या यादीच्या प्रयोगातही तेच लागू आहे. यादी एकदा वाचून झाली की चाचणीच्या वेळी जुने निरर्थक शब्द आधीच थोडे शब्द झालेले असतात, नवे मात्र अजून नाहीत. खऱ्या शब्दांच्या बाबतीत जुने आणि नवे दोन्ही पूर्ण शब्दच असतात. जुना आणि नवा यांच्यातलं अंतरच दोन याद्यांत वेगळ्या जातीचं आहे. हे कोणत्या जुळवणीने भरून काढायचं, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. पण याद्या आधी नीट जुळवल्या नसत्या, तर हे अंतर लांबीच्या आणि प्रत्ययांच्या गोंधळात बुडून गेलं असतं आणि दिसलंच नसतं.

शंका घेणारा : दिसलं, हे मी मान्य करतो. माझी मागणी एवढीच की ते अहवालात लिहिलं जावं. कोणते शब्द गाळले, वाचकांना त्यांवर काय सुचलं, यादीच्या आतलं अंतर किती होतं, यंत्राची भाषेविना तपासणी कितीवर थांबली. आणि 'टामूस'चं काय करायचं ठरवलंत? मी तो गाळीन.

यादी करणारी : मी ठेवीन, जवळच्या यादीत, आणि त्याच्यापुढे 'तांबूस' किती जणांना सुचला तो आकडा लिहीन.